लेखन-सल्ला : व्हीलचेअरवरचा सोहम आणि हायस्कूलचा पहिला दिवस

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि अधूनमधून मुलांसाठी कथा लिहिते. दिवाळी अंकासाठी लिहिलेली एक गोष्ट सोबत जोडली आहे. तिच्यातला सोहम दहा वर्षांचा, लाजाळू आणि लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअर वापरणारा आहे. वस्तीवरच्या शाळेत चौथी झाल्यावर तो पाचवीसाठी मोठ्या गावातल्या हायस्कूलमध्ये येतो. मुख्याध्यापक मोठ्या मनाने त्याला प्रवेश देतात. परिपाठाच्या वेळी मुले त्याला हसतात. मग चित्रकलेच्या तासाला तो सुंदर चित्र काढतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि शाळा सुटताना त्याची खुर्ची ढकलायला मुलांची झुंबड उडते. संपादकांनी ‘गोष्ट चांगली आहे, पण सोहम तिच्यात दिसत नाही’ एवढेच लिहून ती परत पाठवली. मला याचा अर्थ नीटसा लागला नाही. हसण्याचा प्रसंग काढून टाकू का? गोष्ट सोहमच्या तोंडून सांगू का? की जे आपण अनुभवलेले नाही, ते लिहूच नये?

उत्तर :

तुमची गोष्ट मी दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन, ज्या वाक्यांचा कर्ता सोहम आहे तेवढ्याच वाक्यांखाली रेघ मारत गेलो. फाटकापासून चित्रकलेच्या तासापर्यंत अशी वाक्ये अगदी थोडी निघाली, आणि त्यांतही तो बहुतेक वेळा ‘बसून राहिला’ किंवा ‘पाहत राहिला’ आहे. मुख्याध्यापक त्याला आणतात, बाई त्याला बसवतात, मुले हसतात, मुले टाळ्या वाजवतात, मुले ढकलतात. संपादकांच्या म्हणण्याचा अर्थ मला तरी एवढाच वाटतो. पुनर्लेखनाला बसण्यापूर्वी तुम्हीही हे एकदा करून पाहा, कारण ‘खुर्चीवरच्या मुलाची गोष्ट’ म्हणून लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी आजूबाजूच्या चांगल्या माणसांच्या गोष्टी होऊन बसतात आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

तुम्ही गृहीत धरलेल्या एका गोष्टीपाशी मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. सोहम लाजतो तो व्हीलचेअरमुळे, असे तुमच्या कथेत न सांगता ठरून गेले आहे. व्हीलचेअर वापरणारी कितीतरी मुले बडबडी, भांडकुदळ, वर्गात सतत बोट वर करणारी असतात, आणि धडधाकट पायांची कितीतरी मुले वर्गात उत्तर येत असूनही गप्प बसतात. तुमच्या वर्गात दोन्ही तऱ्हेची मुले असणारच. म्हणून सोहम चालत असता तरी लाजाळूच झाला असता का, हे आधी ठरवा. माझ्या मते तो झाला असता. वस्तीवरच्या शाळेतही तो हळूच बोलणारा होता, फक्त तिथे सगळ्यांना ते ठाऊक होते, आणि त्याचे बोलणे ऐकायला गुरुजी जरा खाली वाकत.

हे दोन धागे वेगळे केले, की ते कुठे एकमेकांत अडकतात हे दिसू लागते, आणि कथा नेमकी तिथे आहे. लाजाळू मुलाला नव्या शाळेत एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे आपण आलो हे कुणाला कळू नये. चालणारे लाजाळू मूल घोळक्यात मिसळून आत शिरते, दुसऱ्याच्या पाठीआड उभे राहते, शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात सरकते. सोहमला यांतले काहीच करता येत नाही. तो आला की वाट मोकळी करावी लागते, बाक सरकवावे लागतात, आणि ज्याला अनोळखी माणसाशी बोलणे नको असते त्याला मदत तरी मागावी लागते किंवा न मागता मिळालेली मदत थांबवावी तरी लागते. सोहमची खरी अडचण ही आहे. तिच्यासाठी कुणी दुष्टपणे वागण्याची गरजच नाही.

एक प्रसंग अगदी जवळून पाहू. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे बहुतेक ठिकाणी पाऊस आणि चिखल आलाच. व्हीलचेअर स्वतः चालवणारा मुलगा मागच्या मोठ्या चाकांना बाहेरून लावलेल्या कड्या हातांनी पुढे ढकलतो. दोन्ही हात तिथे गुंतल्यामुळे त्याला छत्री धरता येत नाही. कड्या ओल्या झाल्या की हात निसटतात, आणि टायरला लागलेला चिखल कड्यांवर, कड्यांवरून तळहातांवर आणि तळहातांवरून नव्या वहीवर येतो. तुमच्या वर्गाबाहेर मुले चपला काढून ठेवतात, हे तुम्ही कथेत लिहिलेच आहे. मग सोहमची चाके? सगळ्यांच्या चपला बाहेर रांगेत आहेत, फरशी नुकतीच पुसलेली आहे, आणि तो आत गेला की दारापासून त्याच्या जागेपर्यंत चिखलाचे दोन पट्टे उमटणार आहेत. ज्याला कुणाच्या नजरेत यायचे नाही असा मुलगा त्या उंबरठ्याशी काय करील, हे लिहिताना तुम्हाला ‘तो फार लाजाळू होता’ हे वाक्य लागणार नाही.

दाराशी पाय पुसायला गोणपाट टाकलेले आहे असे समजा. त्यावरून एकदा गेले की चाके स्वच्छ होतील, असे आपल्याला वाटते. पण बावीस इंची चाकाचा घेर पावणेसहा फूट भरतो आणि गोणपाट असते जेमतेम तीन फुटांचे. म्हणजे पुढची छोटी चाके पुसली जातात आणि मागच्या मोठ्या चाकांचा निम्मा चिखल तसाच राहतो. पुढेमागे केले तरी उपयोग नाही, कारण चाकाचा तोच भाग पुन्हा त्याच जागी टेकतो. सोहमला हे माहीत आहे, कारण घरी आई ओले फडके घेऊन बसते आणि तो चाक फिरवत राहतो. वर्गातल्या दुसऱ्या कुणाला हे माहीत असण्याचे कारण नाही. खुर्चीबद्दल जे ज्ञान फक्त सोहमकडे आहे, ते तुमच्या कथेत कुठेच नव्हते. ते आले, की वाचणारे मूल आपोआप सोहमच्या बाजूला जाऊन बसेल.

आता काही तपशील दुरुस्त करायला हवेत. पोलिओचा उल्लेख काढा. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले, त्यामुळे आज पाचवीत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे कारण जाणत्या वाचकाला खटकेल. दुसरे कारण कथेत सांगितलेच पाहिजे असे नाही, पण तुमच्या मनात ते पक्के असायला हवे, कारण सोहम हातांनी काय करू शकतो हे त्यावर ठरते. त्याला स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा ड्युशेन हा आजार असेल, तर या वयापर्यंत दंडातली ताकदही कमी होऊ लागलेली असते आणि मैदानभर खुर्ची स्वतः ढकलणे त्याला पेलत नाही. सेरेब्रल पाल्सी असेल, तर हात ताठरतात का, बोलणे अडखळते का, हे आधी ठरवावे लागते. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष राहिलेला, म्हणजे स्पायना बायफिडा असलेला मुलगा दंडाने पुष्कळदा भक्कम असतो, पण लघवीची जाणीव आणि ताबा यांचा प्रश्न त्याला बहुधा असतो, आणि शाळेतले स्वच्छतागृह कुठे आहे व त्याचे दार किती रुंद आहे याची चिंता त्याच्या घरात पहिल्या दिवसाच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. तुम्ही वर्णन केलेल्या सोहमला हे तिसरे कारण सर्वांत जुळते, असे मला वाटते. सकाळपासून पाण्याच्या बाटलीला हात न लावणारा सोहम एका वाक्यात दाखवलात, तरी ज्या घरांना हे ठाऊक आहे ती घरे ते वाक्य ओळखतील.

रॅम्पचेही तसेच. तुमच्या गोष्टीत शाळेला तीन पायऱ्या आहेत, शेजारी ‘छोटासा रॅम्प’ आहे आणि सोहम त्यावरून ‘सरसर वर गेला’ आहे. साधारण सहा इंचांची एक पायरी धरली तर चढण दीड फुटाची होते. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उतार एकास बारा यापेक्षा तीव्र असू नये, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबीचा रॅम्प हवा. छोटासा म्हणजे सहा फुटांचा धरला, तर उतार एकास चार होतो. त्यावर दहा वर्षांचा मुलगा एकटा चढू शकत नाही, खुर्ची मागे उलटण्याचीही भीती असते, आणि उतरताना ढकलणाऱ्याने खुर्ची उलटी फिरवून, स्वतः खालच्या बाजूला राहून ती हळूहळू मागे घ्यावी लागते. तेव्हा एक तर रॅम्प लांब करा, किंवा तो आखूडच ठेवून कोण ढकलतो ते दाखवा. मी आखूडच ठेवला असता, कारण असे रॅम्प आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत, आणि पहिल्याच मिनिटाला अनोळखी हात पाठीमागून खुर्चीच्या मुठींवर येणे हा सोहमच्या दिवसातला मोठा प्रसंग आहे. आपण सांगण्याआधी आपल्याला कुणी तरी हलवले, हे त्याच्या पोटात कुठे तरी लागते.

मुख्याध्यापकांचा ‘मोठ्या मनाने’ दिलेला प्रवेश मात्र निखालस चुकीचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ३१ प्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत, किंवा त्याने निवडलेल्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कायदा कथेत आणू नका. फक्त मुख्याध्यापकांच्या बोलण्यातला उपकाराचा सूर काढा आणि त्यांना इतर पालकांशी बोलतात तसे सोहमच्या आईशी बोलू द्या.

हसण्याच्या प्रसंगाबद्दल तुम्ही विचारले आहे. तो कधीच घडत नाही असे नाही, पण तुमच्या कथेत तो सोय म्हणून आलेला आहे, शेवटी टाळ्या पडाव्यात म्हणून सुरुवातीला हसू ठेवलेले आहे. पाचवीतली मुले बहुधा आधी टक लावून पाहतात आणि मग सरळ विचारतात : याला ब्रेक असतो का, तू यातच झोपतोस का, मला एकदा बसू देशील का. याहून अवघड प्रसंग मोठ्यांकडून येतो. वर्गशिक्षिका सोहमच्या डोक्यावरून त्याच्या आईला विचारतात, ‘नाव काय ह्याचं?’ आणि आई सांगते. इथे लाजाळू मुलाच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. आपल्याला बोलावे लागले नाही म्हणून त्याला सुटल्यासारखे वाटते, आणि आपल्याला विचारलेच नाही म्हणून टोचतेही. धीट मुलाच्या मनात फक्त दुसरी गोष्ट घडली असती. हसण्याचा प्रसंग काढून त्याजागी हा लिहा.

आता कथेचा मधला भाग, जिथे सोहमने स्वतः काही तरी करायला हवे. तुमच्या वर्गात आपल्या बहुतेक शाळांसारखे बसण्याची फळी आणि लिहिण्याची फळी जोडलेले लोखंडी बाक आहेत. त्यांच्या आत व्हीलचेअर जात नाही. सोहमला एक तर बाकाच्या शेजारी वाटेत खुर्चीवरच बसून मांडीवर पाटी घेऊन लिहावे लागेल, किंवा खुर्चीवरून बाकावर सरकावे लागेल. हे सरकणे त्याला येते : तो खुर्ची बाकाला तिरकी लावतो, दोन्ही ब्रेक ओढतो, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलतो, एक हात बाकावर आणि एक खुर्चीच्या हातावर रोवून अंग उचलतो, मग हाताने एकेक पाय आत घेतो. समजा तो बाकावर बसला, आणि त्याला पहिल्यांदा इतरांसारखे, त्यांच्याच उंचीवर बसल्याचे बरे वाटले. तेवढ्यात बाई अगदी प्रेमाने म्हणतात, ‘ही खुर्ची वाटेत येते रे, व्हरांड्यात ठेवा,’ आणि दोन मुले उठतात.

खुर्ची व्हरांड्यात गेली, की सोहम त्या बाकावर अडकला. मधल्या सुट्टीत बाहेर जायचे, पाणी प्यायचे, स्वच्छतागृहात जायचे, तर कुणाला तरी हाक मारून ती आणायला सांगावे लागेल, आणि हाक मारणे हेच त्याला जमत नाही. शिवाय सुट्टीत मुले तिच्यावर बसून फेऱ्या मारणार, ही भीती आहेच. म्हणजे आता त्याला काही तरी हवे आहे, ते हवे असण्याचे कारण वाचकाला कळलेले आहे, आणि ते मिळवण्यासाठी जे करावे लागेल ते त्याला सर्वांत अवघड आहे. चित्रकलेच्या तासाची तुम्हाला गरजच उरत नाही.

तो काय करील? उभे राहून भाषण करणार नाही. तो बहुधा काहीच बोलणार नाही. पण ब्रेक त्यानेच लावलेले आहेत, आणि ते कसे सोडायचे हे त्या दोन मुलांना माहीत नाही. मुले ओढतात, खुर्ची हलत नाही, टायर फरशीवर घासतो. एका टायरात हवा कमी असेल तर त्या बाजूचा ब्रेक नीट धरत नाही आणि खुर्ची जागच्या जागी वळते. हेही दाखवता येईल. एक मुलगा विचारतो, ‘हलत का नाही ही?’ सोहमला वाटले तर तो ब्रेकची दांडी दाखवून देऊ शकतो, आणि मग खुर्ची जाईल. वाटले तर गप्प राहू शकतो. किंवा ज्याच्याकडे पाहतही नव्हता त्या मुलाला तो हळूच सांगू शकतो : ‘ब्रेक लावलाय. इथेच राहू दे, मला लागते.’ वर्गात बाकी कुणाला ते ऐकू गेले नाही तरी चालेल. त्या मुलाने मोठ्याने सांगितले, ‘बाई, त्याला लागते ती,’ आणि बाईंनी बाक हातभर सरकवून वाट केली, एवढी घटना मुलांच्या कथेला पुरेशी आहे. बाई वाईट ठरत नाहीत, मुले वाईट ठरत नाहीत, सोहम लाजाळूच राहतो, आणि तरीही त्या दिवशी नवी शाळा त्याच्यासाठी हातभर बदललेली असते.

चित्राबद्दल माझे मत जरा कठोर आहे, पण तुम्ही ते मनावर घ्याल असे वाटते. सोहमला चित्र काढता आले नसते, तर तुमच्या वर्गाने त्याला आपला मानला असता का? गोष्ट वाचून याचे उत्तर मिळत नाही. त्याच वर्गात चाळीस मुले कोणताही खास गुण न दाखवता पहिल्या दिवसापासून बसलेली आहेत. ज्यांच्यात काही चमकदार नाही अशी व्हीलचेअर वापरणारी मुलेही तुमची गोष्ट वाचतील, आणि आपल्याला आत येण्यासाठी आधी काही तरी करून दाखवावे लागते, असे त्यांना कळेल. चित्र ठेवायचेच असेल तर त्याला वहीच्या मागच्या पानावर, कुणालाही न दाखवता काढू द्या. शेवटची ढकलण्याची झुंबड मात्र नक्की काढा. खुर्ची त्याच्या शरीराचा भाग असल्यासारखी असते, आणि अनोळखी मुलांनी तिच्यावर तुटून पडणे लाजाळू मुलाला आनंदाचे वाटणे अवघड आहे.

गोष्ट सोहमच्या तोंडून सांगावी असे मला वाटत नाही. जो वर्गात एक वाक्य बोलायला धजत नाही तो वाचकांशी चार पाने घडाघडा बोलू लागला, तर त्याचा लाजाळूपणा पहिल्याच परिच्छेदात संपतो. शिवाय ‘मी’ आला की आपली व्यथा समजावून सांगण्याचा मोह लेखकाला आवरत नाही. तृतीय पुरुषच ठेवा, पण नजर सोहमच्या उंचीवर आणा. परिपाठाला सगळी मुले राष्ट्रगीतासाठी उभी राहिली, की त्याला ध्वज दिसत नाही. समोरच्या शर्टांच्या पाठी आणि दप्तरांचे पट्टे दिसतात. मोठ्यांचे चेहरे त्याला खालून दिसतात. बाकाखाली चिकटवलेले च्युइंगम त्याला सर्वांच्या आधी दिसते. ही नजर सुटू दिली नाहीत, तर पुष्कळ स्पष्टीकरणे आपोआप गळून पडतील.

राहिला लिहावे की नाही हा प्रश्न. लिहा, पण छापण्याआधी ती अशा दोन-तीन जणांना वाचायला द्या, जे स्वतः व्हीलचेअर वापरतात, आणि त्यांत एखादे मूलही असू द्या. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांमार्फत एखाद्या कुटुंबापर्यंत पोहोचणे तुम्हाला जमेल. आधी आईवडिलांची आणि मुलाची परवानगी घ्या. त्या मुलाला ‘तुला शाळेत कसे वाटते?’ असे विचारू नका, कारण हे त्याला सगळेच विचारतात आणि त्याचे पाठ झालेले उत्तर तुम्हाला मिळेल. गोष्ट वाचून दाखवा आणि ‘यात चूक कुठे आहे?’ असे विचारा. चुका काढायला मुलांना आवडते, आणि लाजाळू मूलही ब्रेक कुठल्या बाजूला असतो हे सांगायला तोंड उघडते. त्याच्या घरातली एखादी गोष्ट कथेत घ्यावीशी वाटली, तर ती घेऊ का हे त्याला वेगळे विचारा आणि नाही म्हणाला तर सोडून द्या.

आणखी एक काम संपादकांच्या होकारानंतरचे आहे. चित्रकाराला पुष्कळदा दवाखान्यातली खुर्ची डोळ्यांसमोर येते, आणि मग पाय लोंबकळणारा, मांडीवर शाल घेतलेला, कुणी तरी ढकलत असलेला मुलगा छापला जातो. त्यांना लिहून द्या, की खुर्ची सोहमच्या मापाची आहे, मागच्या चाकांना ढकलायच्या कड्या आहेत, पाय पट्ट्यांवर टेकलेले आहेत, दप्तर पाठीमागच्या मुठींना अडकवलेले आहे आणि त्याचे दोन्ही हात चाकांवर आहेत. शक्य झाल्यास छपाईपूर्वीचे कच्चे चित्र मागवून घ्या आणि ज्या मुलाने गोष्टीतल्या चुका काढल्या, त्यालाच ते दाखवा.